लेन्सची डबी सकाळी धुवायची असते, रात्री नाही

लेन्स कशा घालायच्या, कशा काढायच्या, हातावर चोळायच्या कशा, हे सगळं ट्रायलच्या दिवशी शिकवलं जातं आणि लोक ते बऱ्यापैकी नीट करतात पण. घोळ होतो तो डबीचा. मी कोथरूडमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करतो आणि फॉलोअपला येणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारतो, "सकाळी लेन्स घातल्यावर डबीचं काय करता?" बहुतेकांचं उत्तर असतं, "काय करणार, झाकण लावून ठेवतो." आतलं रात्रीचं सोल्युशन तसंच. मग रात्री आल्यावर त्यातच दोन थेंब वाढवायचे की झालं.

खाली जे लिहिलंय ते महिना किंवा पंधरा दिवस वापरायच्या सॉफ्ट लेन्स आणि साधं मल्टिपर्पज सोल्युशन वापरणाऱ्यांसाठी आहे. पेरॉक्साइडवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं सांगितलंय. रोज फेकायच्या डेली लेन्सना डबी लागतच नाही, आणि कोणी त्या डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी परत घालत असेल तर ते आधी बंद करा.

आधी हे बघू की डबीत साठतं काय

माठ बरेच दिवस घासला नाही आणि आतून हात फिरवला की बुळबुळीत लागतं ना, तोच प्रकार डबीत होतो, फक्त इतका पातळ की दिसत नाही. याला बायोफिल्म म्हणतात. बोटावरून, लेन्सवरून, नळाच्या पाण्यातून थोडे जंतू डबीत येतात, प्लास्टिकला चिकटतात आणि काही तासांतच स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडायला लागतात. काही दिवसांत त्याचा पक्का थर होतो आणि जंतू त्याच्या आत राहून वाढतात.

सोल्युशनमध्ये जंतू मारणारं औषध असतं हे खरं, पण ते मुख्यतः पाण्यात सुटे फिरणारे जंतू मारण्यासाठी तपासलेलं असतं. थराच्या आत ते नीट पोचत नाही. त्यात डबीतलं सोल्युशन रात्रभर वापरून झालेलं असेल तर त्यातलं औषध आधीच कमी झालेलं असतं, कारण थोडं लेन्समध्ये शोषलं जातं आणि थोडं घाणीवर खर्च होतं. म्हणजे जुन्या सोल्युशनमध्ये नवीन घातलं की आपण ताकद वाढवत नाही, नवीन सोल्युशन पातळ करतो.

या थरातले जंतू रात्री लेन्सला चिकटतात आणि सकाळी लेन्सबरोबर थेट बुबुळावर जातात. एरवी पापणी मिटली-उघडली की अश्रू बुबुळ धुवून काढतात, पण लेन्सखाली अश्रू फार फिरत नाहीत, ऑक्सिजनही कमी पोचतो, आणि बुबुळाच्या वरच्या पातळ पडद्यावर लेन्समुळे बारीक ओरखडे येऊ शकतात. जंतूंना आत शिरायला तेवढं पुरतं. स्युडोमोनास नावाचा बॅक्टेरिया यात सगळ्यात जास्त त्रास देतो, तो एक-दोन दिवसांत बुबुळात खोल जखम करू शकतो.

अजून एक म्हणजे अकँथअमीबा. हा पाण्यातला एकपेशीय जीव, आणि त्याचं खाणं म्हणजे बॅक्टेरिया. डबीत थर असेल तर त्याची आयती सोय होते.

⚠️ डबी स्वच्छ दिसते म्हणजे स्वच्छ आहे असं नाही. डोळ्याला काहीही त्रास नसलेल्या लोकांच्या डब्या लॅबमध्ये तपासल्या तरी त्यात जंतू सापडतात. त्यामुळे "मला तर कधी काही झालं नाही" हा चेक धरू नका.

टप्पा १ : तयारी, म्हणजे हात आणि जागा

लागतं काय? साधा साबण, कोरडे साधे टिश्यू (सुगंधी किंवा लोशनवाले नकोत), मुदतीतलं सोल्युशन आणि एक परमनंट मार्कर. मार्कर कशाला ते पुढे कळेल.

हात साबणाने धुवा, बोटांच्या मधे आणि नखांजवळ पण, आणि मग *पूर्ण कोरडे* करा. लोक धुतात पण ओल्या हातानेच लेन्सला हात लावतात, आणि ते ओलं म्हणजे नळाचं पाणीच. पाण्याचं इतकं का लावून धरलंय, तर महापालिकेचं पाणी क्लोरीन टाकून येतं हे मान्य, पण ते आधी सोसायटीच्या खालच्या टाकीत पडतं, मग गच्चीवरच्या टाकीत, आणि ती टाकी शेवटची कधी धुतली हे चेअरमनलाही सांगता येत नाही. वाघोली, उंड्री, हिंजवडीकडे टँकर आणि बोअरचं पाणी, ते तर सोडाच. आणि अकँथअमीबा अडचणीत आला की स्वतःभोवती कवच करून बसतो, त्या कवचातल्या अमीबाला नळाच्या पाण्यातलं क्लोरीन फारसं काही करत नाही. आरओचं पाणी, उकळून गार केलेलं पाणी, बिसलरी, कोणतंच पाणी डबीसाठी नाही. प्यायला चांगलं पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे.

चेक : टिश्यू हातात धरला आणि तो ओला झाला, तर हात अजून कोरडे नाहीत.

टप्पा २ : रात्री

हा टप्पा छोटा आहे कारण खरं काम सकाळचं. सकाळपासून उपडी वाळत ठेवलेली डबी घ्या, आत टिश्यूचा धागा राहिला असेल म्हणून थोडं सोल्युशन फिरवून ओतून टाका. मग दोन्ही खणांत ताजं सोल्युशन भरा, लेन्स पूर्ण बुडेल इतकं, बऱ्याच डब्यांवर आत खूण असते. लेन्स काढा, तळहातावर सोल्युशन घेऊन दोन्ही बाजूंनी चोळा, सोल्युशननेच धुवा, मग डबीत सोडा. बाटलीवर नो रब लिहिलेलं असलं तरी चोळा. उजवी-डावीचा क्रम रोज एकच ठेवा आणि झाकण घट्ट लावा.

किती तास बुडवून ठेवायचं ते बाटलीवर असतं, साधारण चार ते सहा तास. रात्री दोनला लेन्स काढून सकाळी पाचच्या गाडीसाठी परत घातल्या तर निर्जंतुक करायचं काम अर्धवटच झालंय, त्या दिवशी चष्मा लावा.

⚠️ सलाइन आणि सोल्युशन एक नाही. सलाइन फक्त खारट पाणी आहे, त्याने लेन्स धुता येते, पण जंतू मरत नाहीत. दिसायला बाटल्या सारख्या, सलाइन स्वस्त, म्हणून मेडिकलवाल्याने हातात दिली तरी लेबल वाचून घ्या. आणि बाटलीचं टोक डबीला किंवा बोटाला टेकवू नका.

टप्पा ३ : सकाळी, आणि इथेच सगळं चुकतं

लेन्स घालून झाल्या की लगेच, ऑफिसची घाई असली तरी, हे पाच भाग याच क्रमाने करा. सवय झाल्यावर एक मिनिटपण लागत नाही.

१) ओता. दोन्ही खणांतलं सगळं सोल्युशन बेसिनमध्ये. एक थेंबसुद्धा रात्रीसाठी ठेवायचा नाही.

२) घासा. खणात थोडं ताजं सोल्युशन घाला आणि स्वच्छ बोटाने आतून गोल गोल घासा, प्रत्येक खण पाच-दहा सेकंद. तळ, कडा, झाकणाची आतली बाजू आणि झाकण फिरतं ते आटे, सगळं. आट्यांमध्ये सगळ्यात जास्त साठतं आणि तिथे कोणाचंच बोट जात नाही. हा थर नुसत्या धारेने निघत नाही, तो रगडूनच निघतो, म्हणून घासण्याच्या जागी जोरात धार मारून चालत नाही.

३) धुवा. परत ताज्या सोल्युशनने, म्हणजे सुटलेली घाण बाहेर जाईल.

४) पुसा. कोरड्या टिश्यूने आतून पुसा. हे लोकांना फालतू वाटतं, पण घासून सुटलेलं आणि तरी चिकटून राहिलेलं असतं ते पुसण्याने निघतं. टॉवेल नको, शर्टाचं टोक तर नकोच.

५) उपडी ठेवा. नवीन टिश्यूवर डबी आणि झाकणं दोन्ही तोंड खाली करून, उघडी. झाकण लावलं तर आत दमटपणा राहतो, आणि जंतूंना तेच हवं असतं.

क्रम का महत्त्वाचा? बरेच जण आधी पुसतात आणि मग सोल्युशनने खळखळून ओली डबी झाकण लावून ठेवतात. मग ती दिवसभर वाळत नाही आणि पुसण्याचा काही उपयोग राहत नाही.

⚠️ भांड्याचा साबण, डेटॉल, सॅनिटायझर डबीत वापरू नका. त्याचा अंश प्लास्टिकला राहतो आणि रात्री लेन्समध्ये शोषला जातो, मग सकाळी डोळा झोंबतो. डबी उकळत्या पाण्यात टाकायचं पण सुचतं लोकांना, पण पातळ प्लास्टिक वाकतं आणि झाकण नीट बसेनासं होतं. तीस-चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी एवढे प्रयोग कशाला?

टप्पा ४ : वाळवायची जागा

बाथरूम नको. फ्लश केला की बारीक तुषार उडतात, आणि आंघोळीची वाफ असतेच. बेडरूममधलं टेबल, कपाटाचा उघडा कप्पा, कुठलीही कोरडी, धूळ न बसणारी जागा चालेल.

पुण्यात एप्रिलमध्ये डबी तासाभरात वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळपर्यंत ओलीच राहते, कपडे वाळत नाहीत तर डबी कुठून वाळणार! अशा दिवसात दोन डब्या ठेवा आणि आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकीला जवळपास दीड दिवस वाळायला मिळतो. आणि पुसायची पायरी या दिवसात अजिबात टाळू नका.

चेक : रात्री डबी उचलली आणि खालच्या टिश्यूवर ओला गोल दिसला, तर आधी कोरड्या टिश्यूने पुसा, मगच भरा. आणि जागा बदला.

टप्पा ५ : बाटली किती दिवस पुरली ते बघा

हा माझा आवडता चेक आहे, कारण यात खोटं बोलता येत नाही. वर सांगितलेलं सगळं नीट केलं तर दिवसाला साधारण दहा-बारा मिली सोल्युशन लागतं, म्हणजे १२० मिलीची बाटली दहा-बारा दिवस आणि ३५० मिलीच्या आसपासची मोठी बाटली महिनाभर. रोज लेन्स घालणारा माणूस "छोटी बाटली दोन महिने जाते" म्हणतो तेव्हा हिशोब उघड आहे, तो दिवसाला दोन मिली वापरतोय, तेवढ्यात दोन खण नीट भरणंही होत नाही. म्हणजे जुन्यातच भर चाललीये. खर्च जास्त वाटत असेल तर मोठी बाटली घ्या, मिलीमागे स्वस्त पडते, पण डबीत काटकसर नको.

उघडल्यावर बाटली किती दिवसांत टाकायची तेही लेबलवर असतं, बऱ्याच कंपन्यांचं ९० दिवस. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहा. आणि प्रवासासाठी सोल्युशन दुसऱ्या छोट्या बाटलीत ओतून नेऊ नका, ट्रॅव्हल पॅकच विकत घ्या.

टप्पा ६ : डबी बदलायची कधी

जास्तीत जास्त तीन महिने. हे बाहेरचं टोक आहे, तोपर्यंत खेचायचंच असं नाही. कितीही घासलं तरी थराचा थोडा भाग राहतो, आणि घासून घासून प्लास्टिकवर बारीक चरे पडतात, त्यात जंतूंना बोटापासून लपायला जागा मिळते. जितकी डबी जुनी तितका थर काढणं अवघड. डबी महिनोन्‌महिने न बदलणाऱ्यांमध्ये बुबुळाच्या मोठ्या इन्फेक्शनचा धोका बराच जास्त असतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

सोपा नियम सांगतो. सोल्युशनच्या मोठ्या बाटलीबरोबर बहुतेक वेळा नवीन डबी मिळतेच. नवीन बाटली उघडली की नवीन डबी, जुनी कचऱ्यात. लोक काय करतात, नवीन डब्या ड्रॉवरमध्ये जमा करतात आणि जुनीच वापरत राहतात कारण "चांगली आहे अजून". आमच्याकडे एक काका आले होते त्यांच्याकडे सहा सीलबंद डब्या होत्या आणि वापरातली पिवळी पडलेली!

नवीन डबी काढली की तळाला मार्करने तारीख लिहा. लक्षात राहील असं म्हणू नका.

तीन महिने व्हायच्या आधीच बदलायची वेळ :
- डबीला तडा गेला, आटे झिजले किंवा झाकणातून गळतंय
- आतून बुळबुळीत लागतंय, ढगाळ किंवा डाग दिसतोय
- बेसिनमध्ये, कमोडमध्ये पडली, किंवा कोणी प्रेमाने नळाखाली धुवून ठेवली
- डोळ्याचं कुठलंही इन्फेक्शन झालं (पण आधी टप्पा ८ वाचा, लगेच फेकू नका)

एक केस, सुरुवातीपासून

दोन-तीन पेशंटच्या गोष्टी मिसळून सांगतो, ओळख नको म्हणून. मुलगी, वय सव्वीस, वाघोलीत पीजीमध्ये राहते, टँकरचं पाणी. महिन्याच्या लेन्स, आणि लेन्स ती वेळेवर बदलायची. डबी मात्र गणपतीत घेतलेली, आणि आता जून. सकाळी झाकण लावून ठेवायची, रात्री वरून थोडं भरायची, आणि रविवारी "स्वच्छता" म्हणून डबी नळाखाली धुवायची. म्हणजे आठवडाभर थर वाढू द्यायचा आणि रविवारी त्याला टँकरचं पाणी पाजायचं.

सोमवारी संध्याकाळी उजवा डोळा खुपायला लागला. तिला वाटलं एसी. मंगळवारी लाल झाला, तरी मीटिंग होती म्हणून लेन्स घातल्या. संध्याकाळी मेडिकलमधून ड्रॉप घेतले, त्यात अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड दोन्ही. बुधवारी सकाळी लाली कमी झाली म्हणून निश्चिंत झाली. हीच फसवी जागा आहे, स्टिरॉइडने सूज आणि लाली दबते पण जंतू मरत नाहीत, उलट शरीर जे लढत असतं तेही थंडावतं. बुधवारी रात्री इतकं दुखायला लागलं की झोप नाही, मोबाइलच्या उजेडाकडे बघवेना, आणि गुरुवारी सकाळी आरशात बुबुळावर पांढरा ठिपका दिसला.

नेत्ररुग्णालयात डॉक्टरांनी हिरवा डाय टाकून बुबुळ तपासलं, जखमेवरून खरवडून नमुना लॅबला पाठवला. नशिबाने तिने डबी बरोबर आणली होती, त्यातलंही सोल्युशन पाठवलं. दोन्हीत स्युडोमोनास निघाला. पहिले दोन दिवस दर तासाला ड्रॉप, रात्रीसुद्धा, त्यासाठी आईला गावाहून बोलवावं लागलं. डोळा वाचला. बुबुळावर डाग राहिला, पण मधोमध नव्हता म्हणून नजर बऱ्यापैकी परत आली. तोच डाग बाहुलीच्या समोर असता तर चष्म्यानेही धूसरच दिसलं असतं.

टप्पा ७ : ज्यांचं थोडं वेगळं आहे

*फक्त लग्नकार्याला लेन्स घालणारे.* डबीत लेन्स बुडवून महिनाभर विसरू नका. एकदा भरलेलं सोल्युशन किती दिवस चालतं ते लेबलवर असतं, आणि घालायच्या आदल्या रात्री ताजं सोल्युशन भरून पूर्ण तास ठेवायलाच हवं. खरं सांगायचं तर महिन्यात दोन-चार वेळाच घालत असाल तर डेली लेन्स घ्या, डबीचा सगळा प्रश्नच संपतो.

*पेरॉक्साइडवाले.* त्याची डबी उभी असते आणि आत प्लॅटिनमचं चाकासारखं काहीतरी असतं, ते पेरॉक्साइडचं साध्या पाण्यात रूपांतर करतं, त्याला साधारण सहा तास लागतात. ते चाक वापराने मंद होत जातं, म्हणून दर नवीन बाटलीला तिच्याबरोबर आलेलीच डबी.

⚠️ पेरॉक्साइड साध्या चपट्या डबीत कधीच भरायचं नाही आणि त्याने लेन्स धुवून डोळ्यात घालायची नाही. ते थेट डोळ्यात गेलं तर भयंकर आग होते.

टप्पा ८ : डोळा लाल झाला तर, या क्रमाने

आधी लेन्स काढा, दोन्ही डोळ्यांच्या. काढल्यावर तासाभरात सगळं शांत झालं तर कदाचित कोरडेपणा असेल, तरी त्या दिवशी चष्माच. पण दुखणं, उजेड सहन न होणं, पाणी किंवा चिकट स्राव, धूसर दिसणं किंवा पांढरा ठिपका, यातलं काहीही असेल तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. रविवार असेल तर ससून किंवा कुठल्याही मोठ्या नेत्ररुग्णालयाची इमर्जन्सी.

मेडिकलमधले ड्रॉप नाहीत, घरात मागच्या वेळचे उरलेले तर नाहीतच. डोळ्यावर पट्टी बांधू नका. गुलाबपाणी, मध, दूध काही घालू नका.

डबी, लेन्स आणि बाटली फेकू नका, धुवूही नका. काढलेल्या लेन्स त्याच डबीत, झाकण घट्ट लावून, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. बुबुळाच्या नमुन्यात काही उगवलं नाही तर कधी कधी डबीतूनच जंतू सापडतो आणि औषध ठरवायला मदत होते. आणि डॉक्टरांना आपणहून सांगा की लेन्स वापरतो, डबी नळाच्या पाण्याने धुतली होती, लेन्स घालून आंघोळ केली किंवा पोहायला गेलो होतो. अकँथअमीबाचं इन्फेक्शन सुरुवातीला हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या इन्फेक्शनसारखं दिसतं आणि त्यात वेळ जातो, औषधंही कित्येक महिने चालतात. पाण्याचा उल्लेख झाला तर डॉक्टर ते आधीच डोक्यात धरतात. डोळा दिसतो त्यापेक्षा खूप जास्त दुखत असेल तर तेही सांगा.

बरं झाल्यावर जुन्या लेन्स, जुनी डबी, उघडलेली बाटली तिन्ही टाकायचं, लेन्स महागाच्या असल्या तरी. लेन्स परत कधी सुरू करायच्या ते डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच, लाली गेली म्हणून स्वतः ठरवायचं नाही. तोपर्यंत चालेल असा, ताज्या नंबरचा चष्मा घरात असू द्या, कारण बरेच जण केवळ चष्मा जुना झालाय म्हणून लाल डोळ्यात लेन्स घालून ऑफिसला जातात.